बेल वाजली दोनला, फोन वाजला सव्वादोनला

दारावरच्या व्हिडिओ बेलचं बटण दाबल्यापासून फोनवर सूचना येईपर्यंत चार-पाच सेकंद जावेत, त्याहून जास्त नाही. पण कितीतरी घरांत कुरिअरवाला कंटाळून निघून जातो आणि मग फोन वाजतो. कधी पाच मिनिटांनी, कधी पंधरा. कधी तर तासाभरानं फोन हातात घेतला की चार सूचना एकदम येऊन आदळतात. लोक वैतागून बेल बदलतात, आणि नव्या बेलचीही तीच गत होते. होणारच, कारण बहुतेक वेळा बेलनं आपलं काम वेळेवर केलेलं असतं. निरोप पुढे कुठेतरी अडकलेला असतो, आणि तो नेमका कुठे अडकला हे घरच्या घरी शोधून काढता येतं.

त्यासाठी निरोपाचा रस्ता माहीत हवा. बटण दाबलं की बेल घरातल्या वाय-फायवरून कंपनीच्या सर्व्हरला कळवते. कंपनीचा सर्व्हर तुमच्या फोनशी थेट बोलत नाही. अँड्रॉइड फोन असेल तर तो निरोप गुगलच्या संदेशयंत्रणेकडे देतो, आयफोन असेल तर अ‍ॅपलच्या. या यंत्रणेचं तुमच्या फोनशी एक कायमचं जोडलेलं कनेक्शन असतं आणि त्यावरून निरोप आत येतो. बेल दाराला आणि फोन त्याच घरात टेबलावर असला, तरी निरोप एवढा वळसा घालूनच येतो.

पहिला उशीर बेलपाशी होऊ शकतो. बॅटरीवर चालणारी बेल सतत जागी राहिली तर दोन-चार दिवसांत बॅटरी संपेल, म्हणून ती जवळजवळ सगळा वेळ झोपलेली असते. वाय-फायमध्ये या झोपेची सोय मुळातच आहे. राउटर साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाला एकदा आपली हजेरी जाहीर करतो. झोपलेलं उपकरण त्या हजेरीपुरतं जागं होतं, आपल्यासाठी काही आलंय का ते बघतं आणि पुन्हा झोपतं. एवढ्यानं होणारा उशीर आपल्याला जाणवतसुद्धा नाही. काही बेल मात्र बॅटरी वाचवायला वाय-फायचा संबंध पूर्ण तोडून टाकतात. बटण दाबलं की त्यांना राउटर शोधायचा, पासवर्डची देवाणघेवाण करायची, पत्ता मिळवायचा आणि मग सर्व्हर गाठायचा. सिग्नल चांगला असेल तर हे दोन-चार सेकंदांत उरकतं. पण आपल्याकडे राउटर आतल्या खोलीत, मध्ये काँक्रीटच्या दोन भिंती, बेल बाहेरच्या चौकटीवर आणि शेजारी लोखंडी सेफ्टी डोअर. अशा ठिकाणी तेच काम दहा-पंधरा सेकंदांवर जातं. चित्रफीत सुरू होते तेव्हा पाहुण्याची फक्त पाठ दिसत असेल, तर दुखणं इथे आहे असं समजावं. राउटर दाराच्या बाजूला सरकवणं हा त्यावरचा खरा उपाय. बेल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडणंही बरं, कारण भिंतींमधून तो जास्त चांगला जातो.

कायमची वीज दिलेली बेल झोपत नाही, त्यामुळे हा उशीर टळतो. मात्र एक सावधगिरी घ्यायलाच हवी. आपल्या घरातल्या बेलच्या पॉइंटवर बहुधा थेट २३० व्होल्ट असतात आणि परदेशी बनावटीच्या बऱ्याच व्हिडिओ बेल १६ ते २४ व्होल्टवर चालतात. मध्ये ट्रान्सफॉर्मर न लावता ती जोडू नये, आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

बेलपाशी होणारा उशीर असा सेकंदांचा असतो. मिनिटांचा उशीर जवळजवळ नेहमी फोनचा असतो.

अँड्रॉइडमध्ये २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून ‘डोझ’ नावाची सोय आहे. फोन चार्जरला नाही, स्क्रीन बंद आहे आणि बराच वेळ हललेला नाही, असं झालं की फोन अ‍ॅपांचं इंटरनेट थांबवतो. मग ठरावीक अंतरानं थोडा वेळ दार उघडून साठलेली कामं उरकू देतो. फोन जितका जास्त वेळ पडून राहील, तितकं हे अंतर वाढत जातं. पुढच्याच वर्षीच्या सातव्या आवृत्तीत याचं सौम्य रूप आलं, ते फोन खिशात हलत असतानाही लागू होतं. गुगलच्या यंत्रणेत निरोपाला दोन दर्जे असतात. तातडीचा निरोप झोपलेल्या फोनला उठवतो आणि साधा निरोप पुढचं दार उघडेपर्यंत थांबतो. कोणत्या निरोपाला कोणता दर्जा द्यायचा हे बेलच्या कंपनीनं ठरवायचं असतं. म्हणून एकाच बेलचा बटणाचा निरोप लगेच येतो आणि दारापाशी हालचाल झाल्याचा निरोप रेंगाळतो, असंही दिसू शकतं.

याच्यावर आणखी एक थर आहे. २०१८च्या नवव्या आवृत्तीपासून फोन प्रत्येक अ‍ॅप किती वापरलं जातं हे बघतो आणि कमी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅपवर जास्त बंधनं घालतो. बेलच्या अ‍ॅपचा इथे घात होतो. ते कोणी रोज उघडून बसत नाही, सूचना आली की बघायची, एवढंच. फोनच्या हिशेबी मात्र ते नको असलेलं अ‍ॅप ठरतं. शिवाय फोन बनवणाऱ्या अनेक कंपन्या बॅटरी जास्त टिकावी म्हणून स्वतःचे नियम घालतात आणि ते मूळ अँड्रॉइडपेक्षा कडक असतात.

माझ्या डोंबिवलीच्या मावशीकडे हे सगळं एकत्र बघायला मिळालं. ती दुपारी एकटी असते, आतल्या खोलीत पंखा चालू, आणि सूचना दहा-बारा मिनिटांनी यायची. तिनं बेलच्या कंपनीला नावं ठेवायला सुरुवात केली होती. मी आधी तिच्या मुलाला फोन केला. तो बंगळुरूला असतो आणि त्याच्याही फोनवर तेच अ‍ॅप आहे. तो म्हणाला, “मला तर बेल दाबल्या दाबल्या येतं. कधी कधी मीच आईला फोन करून सांगतो, दार उघड.” या एका वाक्यानं अर्धा शोध संपला. बेल, घरचं वाय-फाय, इंटरनेट आणि कंपनीचा सर्व्हर, सगळे निर्दोष सुटले. कोंडी मावशीच्या फोनपाशी होती. ज्यांच्या घरी ही तक्रार आहे त्यांनी आधी दुसऱ्या एखाद्या फोनवर अ‍ॅप टाकून हीच तुलना करावी.

मग फोनमधली सूचनांची नोंदवही उघडली. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून `Settings` मध्ये `Notifications` खाली `Notification history` असते. ती चालू केली की प्रत्येक सूचना फोनवर किती वाजता आली ते दिसतं. बेलच्या अ‍ॅपमध्ये बटण दाबल्याची वेळ असतेच. दोन्ही वेळा शेजारी ठेवल्या की उशीर आकड्यांत समोर येतो. त्यानंतर फोन चार्जरला लावून ठेवला आणि बेल दाबली, तर सूचना लगेच आली. चार्जरवर डोझ लागत नाही, त्यामुळे बॅटरी वाचवण्याचे नियम आड येत असल्याची ही चांगली खूण आहे.

अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर बॅटरीच्या खाली `Restricted` निवडलेलं होतं. बॅटरी लवकर संपते म्हणून कोणीतरी सगळ्याच अ‍ॅपना ते लावून ठेवलं असावं. ते `Unrestricted` केलं. सॅमसंगच्या फोनवर याच्या जोडीला बॅटरीच्या सेटिंगमध्ये `Background usage limits` बघावं लागतं. तिथल्या `Deep sleeping apps` च्या यादीत बेलचं अ‍ॅप असेल तर ते उघडल्याशिवाय चालतच नाही. त्याला `Never sleeping apps` मध्ये टाकायचं. शाओमीच्या फोनवर अ‍ॅपला `Autostart` ची परवानगी द्यावी लागते आणि बॅटरीसाठी `No restrictions` निवडावं लागतं. फक्त बेलच्या अ‍ॅपला एवढी सूट दिल्यानं बॅटरीत सहसा जाणवण्यासारखा फरक पडत नाही. सगळ्याच अ‍ॅपना ती देऊ नये, नाहीतर फोन खरंच दुपारीच मान टाकेल.

काही जणांना सगळी अ‍ॅप सतत सरकवून बंद करायची सवय असते. काही फोनांवर तसं केल्यानं अ‍ॅप पूर्ण थांबतं. सेटिंगमधलं `Force stop` तर निश्चितच थांबवतं, आणि मग अ‍ॅप स्वतः उघडेपर्यंत एकही सूचना येत नाही.

मावशीचा उशीर यानंतर बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. आता दुपारी कधीतरीच पाच-सात मिनिटं लागायची, आणि आम्ही लागोपाठ बेल दाबून बघितलं की मात्र सगळं सुरळीत. इथेच पुष्कळ लोक फसतात. लागोपाठ बेल दाबली की फोनचं गुगलशी असलेलं कनेक्शन जागतं राहतं आणि दोष दिसतच नाही. चाचणी घ्यायची तर स्क्रीन बंद करून फोन अर्धा तास हात न लावता ठेवायचा आणि मग बेल दाबायची. आम्ही तशी चाचणी एकदा घरच्या वाय-फायवर घेतली आणि एकदा वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर. डेटावर सूचना ताबडतोब आली, वाय-फायवर उशिरा. दोष राउटरपाशी होता.

त्याचं कारण असं. फोन आणि गुगल यांच्यातलं कनेक्शन जिवंत आहे ना, हे फोन वाय-फायवर साधारण पंधरा मिनिटांतून एकदा तपासतो. घरातला राउटर मात्र प्रत्येक चालू कनेक्शनची नोंद ठेवतो आणि काही काळ त्यावरून काहीच गेलं नाही तर ती नोंद खोडून टाकतो. हा काळ काही राउटरमध्ये फारच कमी, पाच-दहा मिनिटांचा असतो. नोंद खोडली गेली हे फोनला कळत नाही. त्याच्या समजुतीत कनेक्शन चालू आहे आणि गुगलचा निरोप मात्र राउटरपाशी आपटून पडतो. पुढची तपासणी झाली, किंवा मावशीनं फोन उचलला, की कनेक्शन नव्यानं जुळतं आणि अडलेल्या सूचना एका दमात येतात. कंपनीनं निरोपाला थोड्याच वेळाची मुदत दिली असेल तर तो कधीच येत नाही. यावर फोनमधलं कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही. इंटरनेटवाल्याला सांगून राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्यायचं, नाहीतर राउटरच बदलून मागायचा. मावशीकडे राउटर बदलल्यावर तक्रार थांबली.

आयफोनवर ही झोपेची भानगड बरीच कमी आहे. तिथे उशीर झाला तर आधी `Focus` चालू आहे का ते बघावं, आणि नंतर `Scheduled Summary`. २०२१च्या पंधराव्या आवृत्तीत आलेली ही सोय सूचना साठवून ठरलेल्या वेळी एकत्र दाखवते. त्या यादीतून बेलचं अ‍ॅप काढून टाकायचं.

एवढं सगळं नीट केलं तरी फोनवरच्या सूचनेला वेळेची हमी नाही, कारण मधल्या प्रत्येक टप्प्यावर कोणा ना कोणाची मर्जी असते. घरात म्हातारं माणूस एकटं असेल तर बेलसोबत मिळणारा, आत भिंतीच्या प्लगला लागणारा चाइम घ्यावाच. मात्र काही चाइमही सर्व्हरच्या वळशानंच वाजतात, म्हणून विकत घेताना विचारावं आणि घरी एकदा तपासून घ्यावं. राउटर चालू ठेवून त्याच्यात बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढायची आणि बेल दाबायची. तरीही चाइम वाजला तर तो थेट बेलशी जोडलेला आहे.