दोन स्टॅकमधून एक रांग

स्टॅक म्हणजे ताटांची चळत. शेवटी ठेवलेले ताट आधी उचलले जाते. क्यू म्हणजे रांग, आणि तिच्यात आधी आलेला आधी बाहेर पडतो. दोघांचा क्रम उलटा असला तरी दोन स्टॅक वापरून क्यू बनवता येतो. याचे कारण साधे आहे: एका स्टॅकमधले घटक एकेक करून दुसऱ्यात टाकले की त्यांचा क्रम उलटतो आणि सर्वांत जुना घटक वर येतो.

एका स्टॅकला ‘आवक’ आणि दुसऱ्याला ‘जावक’ म्हणू. एनक्यू, म्हणजे नवा घटक रांगेत घेणे, नेहमी आवकमध्ये होते. डीक्यू, म्हणजे घटक बाहेर काढणे, नेहमी जावकच्या माथ्यावरून होते. जावक रिकामा असेल तरच, आणि तेव्हाच, आवकमधले सगळे घटक त्यात ओतायचे.

क, ख, ग हे तीन घटक आत घेतले. आवकमध्ये माथ्यावर ग, त्याखाली ख, तळाशी क. आता पहिला डीक्यू आला. जावक रिकामा आहे, म्हणून आधी ग, मग ख, मग क तिकडे गेला. क माथ्यावर आला आणि बाहेर पडला. जावकमध्ये वर ख आणि खाली ग उरले. यानंतर घ आला, तो आवकमध्ये एकटाच थांबला. पुढच्या दोन डीक्यूंत ख आणि ग निघाले. त्यांच्यासाठी काहीच हलवावे लागले नाही. चौथ्या डीक्यूला जावक रिकामा होता, म्हणून घ तिकडे जाऊन बाहेर पडला. आले त्याच क्रमाने चौघे गेले.

हमखास होणारी चूक ओतण्याच्या वेळेची असते. जावकमध्ये ख आणि ग शिल्लक असतानाच घ ओतला, तर तो त्यांच्या डोक्यावर बसतो आणि ख च्या आधी निघतो. सगळे एनक्यू आधी आणि सगळे डीक्यू नंतर अशी चाचणी घेतली तर ही चूक दिसतच नाही. वरच्यासारखी सरमिसळ केली की ती लगेच पकडली जाते. तसेच, क्यू रिकामा आहे हे ठरवताना दोन्ही स्टॅक पाहावे लागतात.

प्रत्येक डीक्यूनंतर उरलेले घटक पुन्हा आवकमध्ये परत नेणे, ही पद्धतही उत्तर बरोबर देते, पण ती फार महाग पडते. हजार घटक भरून सगळे काढायचे म्हटले तर एका स्टॅकमधून दुसऱ्यात दहा लाख हलवाहलवी होतात. वरच्या नियमाने त्या फक्त हजार होतात, कारण कुठलाही घटक एकदाच हलतो. आवकमध्ये शिरणे, तिथून निघणे, जावकमध्ये शिरणे आणि बाहेर पडणे एवढ्या चारच क्रिया त्याच्या वाट्याला येतात.

हा हिशेब मात्र एकूण कामाचा, सरासरीचा आहे. हजार घटक साचल्यावर येणारा पहिला डीक्यू सगळे ओतेपर्यंत थांबतो आणि नंतरचे ९९९ झटपट होतात. जिथे प्रत्येक क्रिया ठरलेल्या वेळेतच पूर्ण व्हायला हवी, तिथे ही साधी रचना चालत नाही.