मोबाइलवर मराठी गाणी लावली, तरी मूल मराठी बोलेल का?

इंदूरच्या नैऋत्य भागात राजेंद्र नगर ही वसाहत आहे. इंदूर-महू लोहमार्गावर तिच्याच नावाचे छोटे रेल्वे स्थानक आहे. होळकरांच्या काळापासून या शहरात स्थिरावलेल्या मराठी समाजातील अनेक कुटुंबे आज या परिसरात राहतात. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर पडताच हिंदी आणि शाळेच्या फाटकातून पुढे इंग्रजी, अशी तेथील मुलांची भाषिक वाटचाल असते. घरात कोकणी किंवा मराठी आणि शाळेत इंग्रजी हा क्रम अंगवळणी पडलेल्या गोमंतकीय वाचकाला हे चित्र नवे वाटणार नाही.

अशा घरांत लहान मुलाच्या हाती मोबाइल देण्याला अनेकदा एक सद्‌हेतू जोडलेला असतो. बाहेर मराठी कानावर पडत नाही, तर निदान यूट्यूबवरची मराठी बडबडगीते तरी पडावीत, हा तो हेतू. मूल तल्लीन होऊन पाहते, एखाद्या गाण्यावर हात नाचवते, आणि भाषा मुरत असल्याचे समाधान घराला मिळते. हे समाधान कितपत खरे आहे, याची तपासणी संशोधकांनी बरीच आधी केलेली आहे.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या प्रश्नाला थेट भिडतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी चिनी मँडरिन भाषा ऐकवली. सुमारे चार आठवड्यांत प्रत्येकी 25 मिनिटांच्या 12 बैठका झाल्या. काही बाळांसमोर मँडरिन बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून पुस्तके दाखवत, खेळण्यांशी खेळत बोलली. दुसऱ्या गटाला तशाच बैठकांचे चित्रीकरण पडद्यावर दाखवले, तर तिसऱ्याला केवळ आवाज ऐकवला. मँडरिनमधील दोन जवळचे ध्वनी बाळांना वेगळे ओळखता येतात का, हे शेवटी पाहिले गेले. प्रत्यक्ष सहवास लाभलेल्या बाळांना ते साधले. पडद्यावर तीच भाषा तितकाच वेळ ऐकलेल्या बाळांच्या पदरी काहीच पडले नव्हते.

कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. बाळाची नजर चेंडूकडे वळली की समोरचे माणूस ‘चेंडू हवा?’ असे विचारते. बाळाने हुंकार दिला की थांबते, उत्तर देते, तोच शब्द पुन्हा उच्चारते. मुलाचे लक्ष ज्या वस्तूवर आहे, त्याच वस्तूचे नाव त्याच क्षणी कानी पडणे, हा शब्दशिक्षणाचा गाभा आहे. पडद्यावरचे पात्र मुलाकडे पाहत असल्याचा आभास निर्माण करते, परंतु मुलाने काय केले याचा त्याला पत्ता नसतो. साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत मुले पडद्यावरून प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी शिकतात, असे पुढील अनेक अभ्यासांतही दिसले. म्हणून मराठी टिकवण्यासाठी दीड वर्षाच्या मुलाला मराठी चित्रफिती दाखवणे, हा उपाय फारसा उपयोगाचा ठरत नाही.

याच नियमाचा एक अपवाद मात्र परगावी आप्त असलेल्या प्रत्येक कुटुंबाने ध्यानात घ्यावा असा आहे. सेरा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रोबेर्टा गोलिंकॉफ यांनी 2014 मध्ये 24 ते 30 महिन्यांच्या मुलांना नवी क्रियापदे तीन प्रकारे शिकवली: समोर बसून, व्हिडिओ कॉलवरून आणि आधी चित्रित केलेल्या फितीतून. समोरासमोर आणि व्हिडिओ कॉलवर मुले शिकली, फितीवरून शिकली नाहीत. पडदा दोन्हीकडे होता, फरक प्रतिसादाचा होता. पुण्यात बसलेली आजी ‘हातात काय आहे रे?’ म्हणून उत्तराची वाट पाहते, तेव्हा ती त्या पडद्याचा स्वभावच बदलून टाकते. तिने वाटीचे नाव घेताच घरातल्या कोणी मुलाच्या हाती खरी वाटी दिली, तर त्या संवादाला अधिकच बळ येते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच असे सांगताना आप्तांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला सूट दिली आहे, ती विनाकारण नव्हे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, ही या संघटनेची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 2019 मधील शिफारसही जवळपास अशीच आहे.

मुलाने किती पाहिले यावर चर्चा होते, पण पडदा सुरू असताना घर किती बोलले याकडे क्वचितच लक्ष जाते. ऑस्ट्रेलियातील 220 कुटुंबांत मुलांच्या अंगरख्यात छोटे ध्वनिमुद्रक ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या मुलांबाबत पडद्याच्या प्रत्येक वाढीव मिनिटामागे मोठ्यांचे सुमारे साडेसहा शब्द कमी आणि मूल व मोठे यांच्यातील देवाणघेवाणीचा सरासरी एक फेरा कमी आढळला. अशा अभ्यासांतून एक गोष्ट दुसरीसोबत घटते एवढेच सिद्ध होते. ज्या घरात आधीच बोलणे कमी, तिथे पडदा जास्त, असेही असू शकते. तरीही बहुभाषिक घराला या आकड्याची झळ अधिक बसते. इंदूरमधील मुलाला हिंदी अंगणात, दुकानात, शाळेत मिळतेच. मराठीचा पुरवठा केवळ घरातील चार माणसांच्या तोंडून होतो. मोबाइलमुळे जो संवाद थांबतो, तो जवळजवळ सगळा मराठीतला असतो.

एकाग्रतेविषयी बोलताना अधिक जपून बोलावे लागते. पडद्यामुळे मुलाला अतिचंचलतेचा विकार जडतो, असे सर्रास सांगितले जाते. दूरदर्शन आणि पुढील काळातील लक्ष-दोष यांचा संबंध दाखवणारा 2004 मधील एक गाजलेला अभ्यास याच्या मुळाशी आहे, परंतु त्याच माहितीचे इतरांनी फेरविश्लेषण केले तेव्हा तो संबंध डळमळीत निघाला. त्यामुळे तो दावा बाजूला ठेवलेला बरा. अधिक भरवशाची गोष्ट साधी आहे. एक ते तीन वर्षांच्या 50 मुलांना खेळण्यांसह तासभर खोलीत ठेवले आणि त्यांपैकी अर्धा तास मोठ्यांचा एक कार्यक्रम दूरचित्रवाणीवर लावून ठेवला. मुलांनी पडद्याकडे फारसे पाहिलेही नाही. तरी तेवढ्या वेळात एका खेळण्याशी रमण्याचे त्यांचे टप्पे आखूड झाले. 2008 मधील हा अभ्यास ‘तो कुठे बघतोय, चालू असू दे’ या घरोघरच्या समजुतीला छेद देतो. मूल चित्रफितीत तासभर गुंतते, म्हणजे त्याची एकाग्रता चांगली, हाही गैरसमजच. तिथे दर काही सेकंदांनी बदलणारे दृश्य मुलाचे लक्ष खेचून घेत असते. डबीला झाकण बसवताना मात्र ते लक्ष मुलाला स्वतः धरून ठेवावे लागते.

आता हे सारे व्यवहारात कसे आणावे? राजेंद्र नगरातील एक नमुन्याचे घर कल्पावे. मूल दोन वर्षांचे, आई-वडील नोकरीला, दिवसभर आजी-आजोबा सोबत. नाश्त्याला 25 मिनिटे मोबाइल, दुपारच्या जेवणाला 30, संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत 40 आणि रात्री भरवताना पुन्हा 30, अशी बेरीज दोन तासांच्या आसपास, म्हणजे 125 मिनिटांवर जाते. शिवाय आजीची मालिका दीड तास चालू असते. हा सर्व वेळ एकाच दिवशी शून्यावर आणण्याचा निर्धार बहुधा तिसऱ्या दिवशी मोडतो. गुडघे दुखत असताना धावत्या नातवंडाला भरवणाऱ्या आजीला उपदेश करणे सोपे आहे, तिच्या जागी बसणे तितके सोपे नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. मूल जागे असताना कोणी पाहत नसलेला टीव्ही बंद करणे हे सर्वांत स्वस्त पाऊल आहे, कारण मुलाला त्यात काही हिरावल्यासारखे वाटत नाही. आजीची मालिका मुलाच्या दुपारच्या झोपेच्या वेळी मोबाइलवर पाहता येते. त्यानंतर जेवणे. पडद्यासमोर भरवलेले मूल तोंड उघडते खरे, पण पोट भरल्याची त्याची स्वतःची जाणीव बाजूला पडते. आधी एकच जेवण निवडावे, शक्यतो जेव्हा घरात दोन माणसे असतात ते रात्रीचे. मुलाला सर्वांसोबत पाटावर बसवावे, हाताने खाऊ द्यावे, सांडू द्यावे आणि अर्ध्या तासाने ताट उचलावे. पहिले काही दिवस घास कमी जातील आणि रडणे आधीपेक्षा वाढेल. वाढलेले रडणे हे नियम फसल्याचे लक्षण नव्हे. जुनी युक्ती चालेना, की मूल ती अधिक जोराने करून पाहते. त्या टप्प्यावर वीस मिनिटांच्या आक्रोशानंतर मोबाइल दिला, तर वीस मिनिटे रडावे लागते एवढेच ते शिकते. मात्र वजन कमी होत असेल किंवा मूल घासच गिळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

संध्याकाळची 40 मिनिटे सर्वांत शेवटी हाती घ्यावीत आणि ती शून्य करण्याचा हट्ट नसावा. वीस मिनिटे, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, संथ गतीची आणि मोठ्यांनी निवडलेली चित्रफीत. आपोआप पुढची फीत सुरू होण्याची सोय आधी बंद करावी. ‘आता दोनच मिनिटे’ ही पूर्वसूचना मात्र कामी येत नाही. लहान मुलांच्या घरांतील 2016 च्या एका पाहणीत तिच्यामुळे तंटा वाढल्याचेच आढळले. गोष्ट संपली, पडदा थांबला, हा शेवट मूल अधिक सहज स्वीकारते. उरलेली वीस मिनिटे ओट्याजवळ मटार सोलण्यात, वाट्या रचण्यात जावीत. त्या वेळी ‘हिरवा मटार, गोल मटार, अरे पळाला!’ एवढे बोलणे पुरे. भाषा तिथेच शिकली जाते.

या व्यवस्थेत मोठ्यांचा मोबाइलही मोजावा लागतो. आजीने पथ्य पाळायचे आणि बाबांनी ताटाशी कार्यालयाचे संदेश चाळायचे, हा न्याय फार दिवस टिकत नाही. आई दोन वर्षांच्या मुलाला नवा शब्द शिकवत असताना मध्येच फोन आला, तर मूल तो शब्द शिकत नाही, असे 2017 च्या एका प्रयोगात दिसले. शब्द तितक्याच वेळा उच्चारला गेला होता, फक्त धागा तुटला होता.

इंदुरात काय आणि फोंड्यात काय, उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या पालकांना ‘घरात एकच भाषा ठेवा’ असा सल्ला हमखास मिळतो. द्विभाषिकतेमुळे वाचादोष होत नाही. अशा मुलाचे शब्द मोजताना ‘पाणी’ आणि ‘दूध’ यांच्याबरोबर हिंदीतील ‘गाडी आई’ हेही धरायचे असतात. मराठी सोडणे हा उपचार नव्हे. परंतु मोबाइल कमी केला की बोलेल, अशी वाट पाहत बसणेही धोक्याचे. वर्षाचे मूल बोट दाखवत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द हरवले असतील, तर प्रथम श्रवणाची तपासणी करून घ्यावी आणि त्यासोबतच बालरोगतज्ज्ञ व वाचा उपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. पडद्याचे वेळापत्रक दरम्यान बदलता येते, तपासणी त्यासाठी थांबवू नये.