मातीत हवा किती उरली?

पाणी दिल्यानंतर दोन-तीन दिवसांनी शेतकरी सरीत उतरतो, मूठभर माती दाबून बघतो आणि वाफसा आला की नाही ते सांगतो. हाताचा हा अंदाज बहुधा बरोबर असतो, पण वरच्या चार बोटांपुरताच. उसाच्या खोडव्यात, जिथून तोडणीच्या वेळी भरलेल्या ट्रॉल्या गेल्या, तिथे १०-१५ सेंटिमीटर खोल मुळांना हवा मिळते आहे का, हे मुठीला कळत नाही. ते प्रयोगशाळेत काढावे लागते, आणि त्याची सुरुवात होते एका लहानशा काचेच्या बाटलीपासून. तिला पिकनोमीटर म्हणतात. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत ‘घनता बाटली’ हे नावही चालते.

मातीतली हवा थेट मोजणे अवघड असते, म्हणून ती वजाबाकीने काढतात. मातीच्या एकूण आकारमानातून घन कणांनी व्यापलेली जागा वजा केली की पोकळी उरते. ही झाली एकूण सच्छिद्रता. पोकळीतून पाण्याने भरलेली जागा वजा केली की जे उरते ती हवेची सच्छिद्रता. महिन्याच्या हिशेबात शेवटी शिल्लक राहणाऱ्या रकमेसारखी ही हवा असते: आधीच्या मोठ्या आकड्यांतली छोटी चूक सगळी तिच्यावर येते. म्हणूनच पहिला आकडा, म्हणजे घन कणांची घनता, नीट मोजायची.

कणघनता म्हणजे पोकळी अजिबात न धरता नुसत्या कणांची घनता. बहुतेक खनिज मातींत ती घन सेंटिमीटरला २.६० ते २.७५ ग्रॅम असते, आणि क्वार्ट्‌झची २.६५ असल्यामुळे अनेक जण न मोजताच २.६५ धरून पुढे जातात. ते कुठे चालते आणि कुठे नाही, ते पुढे पाहू.

पिकनोमीटरचे तत्त्व सोपे आहे. काठोकाठ पाणी भरलेल्या बाटलीत माती टाकली, तर मातीच्या आकारमानाएवढे पाणी बाहेर पडेल. त्या पाण्याचे वजन कळले की कणांचे आकारमान कळते. प्रत्यक्षात आपण पाणी सांडू देत नाही, चार वजने करतो: रिकामी बाटली, बाटली अधिक कोरडी माती, बाटली अधिक माती अधिक पाणी, आणि शेवटी माती धुऊन काढून नुसते पाणी भरलेली बाटली. बाटलीच्या काचेच्या बुचात केसासारखे बारीक छिद्र असते. बूच बसवले की जास्तीचे पाणी त्यातून वर येऊन थेंब धरते. तो टिपून बाटली बाहेरून कोरडी पुसली की दर वेळी नेमके तेवढेच आकारमान मिळते.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण भारी काळ्या जमिनीत असेच आकडे मिळतात. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली माती १०५ अंशांवर ओव्हनमध्ये पूर्ण सुकवली आणि डेसिकेटरमध्ये थंड केली. ५० मिलिलिटरची रिकामी बाटली २८.४० ग्रॅम. मातीसह ३८.४०, म्हणजे माती १०.०० ग्रॅम. २५ अंश तापमानाच्या पाण्याने भरलेली बाटली ७८.२५ ग्रॅम. आता पाण्याला जागा सोडावी लागली नसती, तर माती आणि पाणी मिळून वजन ८८.२५ झाले असते. तराजूवर आले ८४.५३. फरक ३.७२ ग्रॅम. एवढ्या पाण्याची जागा कणांनी घेतली. २५ अंशांना पाण्याची घनता ०.९९७ असते, म्हणून आकारमान ३.७३ घन सेंटिमीटर. १० ग्रॅमला त्याने भागले की कणघनता २.६८.

हिशेब दोन ओळींचा आहे, खरे काम हवा बाहेर काढण्यात आहे. कोरड्या चिकणमातीच्या सूक्ष्म फटींत हवा अडकून बसते आणि पाणी ओतले तरी निघत नाही. म्हणून बाटली अर्धी भरून ती हलकेच उकळतात आणि मधूनमधून फिरवतात, किंवा निर्वात पंपाखाली ठेवतात. उकळी जोरात आली तर फेसाबरोबर मातीही बाहेर जाते, आणि मग ते नमुना वाया गेल्यातच जमा. वरून भरायचे पाणीही आधी उकळून थंड केलेले ऊर्ध्वपातित पाणी हवे, कारण साध्या पाण्यात विरघळलेली हवा पुन्हा बुडबुडे करते. समजा ०.१ मिलिलिटरचा बुडबुडा आत राहिला, तर तो कणांच्या आकारमानात मिसळतो आणि २.६८ ऐवजी २.६१ येते. एकाच मातीच्या तीन बाटल्या लावल्या आणि त्यातली एकच बाकीच्यांपेक्षा खाली आली, तर पहिला संशय बुडबुड्यावर घ्यावा.

दुसरा धोका तापमानाचा. माती असलेली बाटली उकळून पुरती थंड न होताच वजन केले, तर पाणी पसरलेले असते आणि बाटलीत कमी वजनाचे पाणी मावते. दोन्ही भरलेल्या बाटल्यांच्या तापमानात पाच अंशांचा फरक पडला तरी उत्तर २.६४ पर्यंत घसरते. बाटली तळव्यात धरून पुसली तरी ती गरम होते आणि छिद्रातून पाणी वर येते. म्हणून ती मानेलाच धरायची.

सर्वांत मोठी चूक मात्र कोरडेपणाची. काळी माती सावलीत वाळवून हाताला अगदी कोरडी लागली तरी वजनाच्या पाच-सात टक्के पाणी ती धरून ठेवू शकते. अशी ७ टक्के ओलावा असलेली १० ग्रॅम माती ‘कोरडी’ म्हणून बाटलीत टाकली, तर कणघनता २.४१ येते. हा आकडा खनिज मातीला शोभत नाही. खरे तर हवेत वाळलेली माती बाटलीत टाकायला हरकत नाही, पण त्याच मातीचा दुसरा भाग ओव्हनमध्ये सुकवून ओलावा काढायचा आणि हिशेबात कोरडे वजनच धरायचे. भरपूर सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीचा आकडा मात्र खरोखरच कमी येतो, कारण सेंद्रिय पदार्थाची घनता खनिजांच्या निम्म्याच्या आसपास असते.

आता शेतात जाऊ. १०० घन सेंटिमीटरचे धारदार कडेचे पोलादी कडे मातीत सरळ ठोकायचे, भोवतीची माती काढून अलगद उचलायचे आणि दोन्ही तोंडे सुरीने सपाट करायची. जागेवरच हवाबंद डब्यात घालून आणायचे, लगेच वजन करायचे, मग ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वजन करायचे. अट एकच: दोन तोंडांमधली माती शेतात होती तशीच राहायला हवी. ठोकताना ती कड्यात खाली दबली तर घनता फुगते. कड्याच्या आतली आणि बाहेरची माती एका पातळीत आहे का, एवढे बघितले की ते कळते.

ट्रॉलीचे चाक न गेलेल्या जागेवरचा नमुना ओला १६६.३ ग्रॅम आणि कोरडा १२५.० भरला. म्हणजे आकारमान घनता १.२५ आणि पाणी ४१.३ घन सेंटिमीटर. १२५ ला २.६८ ने भागले की घन कणांनी घेतलेली जागा मिळते, ४६.६. पोकळी ५३.४ टक्के. तीतून पाणी वजा करता हवा १२.१ टक्के. चाकोरीतला नमुना ओला १८५.६ आणि कोरडा १४५.० होता. कण ५४.१, पोकळी ४५.९, पाणी ४०.६, म्हणजे हवा ५.३ टक्के.

दोन्ही ठिकाणी पाणी जवळपास सारखे आहे. मुठीत दाबून पाहिली तर दोन्ही माती सारख्याच ओल्या वाटतील. फरक पडला तो हवेत, आणि तो निम्म्याहून जास्त आहे. दाबामुळे आधी मोठ्या पोकळ्या जातात. पाणी निथळून जाते ते त्यांच्यातूनच, आणि त्यानंतर हवा भरते तीही त्यांच्यातच. बारीक छिद्रे बरीचशी तशीच राहतात आणि पाणी धरून बसतात. हवेची सच्छिद्रता साधारण १० टक्क्यांखाली गेली की ऑक्सिजनचा प्रवास फार मंदावतो, असा संकेत मृदाशास्त्रात आहे. हवा ऑक्सिजन पोचवते ती एकमेकांना जोडलेल्या पोकळ्यांतून, आणि ५ टक्के हवा असली तर त्या बऱ्याचदा तुटक कप्पे होऊन राहतात. १० हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. मातीचा पोत आणि पीक यांनुसार तो मागेपुढे होतो.

आता तो कोरडेपणाचा घोळ आठवा. त्याच चाकोरीतल्या नमुन्याला चुकीची २.४१ ही कणघनता लावली, तर कण ६०.२ घन सेंटिमीटर होतात, पोकळी ३९.८ उरते आणि पाणी मात्र ४०.६ आहे. हवा उणे ०.८ टक्के! उणे हवा असूच शकत नाही, म्हणून असे उत्तर आले की चूक मोजमापात आहे हे पक्के समजावे. चूक थोडी लहान असती, तर उत्तर धन आले असते आणि कुणाला शंकाही आली नसती.

न मोजता २.६५ धरणाऱ्यांचे काय? या काळ्या मातीत फारसे बिघडत नाही: चाकोरीतली हवा ५.३ ऐवजी ४.७ टक्के येते आणि निष्कर्ष तोच राहतो. पण कोकणातल्या जांभ्या मातीत गोथाइट आणि हेमॅटाइटसारखी लोहखनिजे असतात. हेमॅटाइटची घनता ५ च्याही वर असते, त्यामुळे अशा मातीची कणघनता २.९ पर्यंत जाऊ शकते. तिथे आकारमान घनता १.३० असेल, तर खरी पोकळी ५५.२ टक्के असते आणि २.६५ धरल्यास ५०.९ मिळते. हा चार टक्क्यांहून जास्त फरक जसाच्या तसा हवेतून वजा होतो. प्रत्यक्षात १२ टक्के हवा असलेल्या जमिनीला कागदावर ८ टक्के मिळतात आणि तिच्या मालकाला निचऱ्याचे चर काढायला सांगितले जाते. अशा जमिनीत बाटलीशिवाय पुढे जाऊ नये.

काळ्या मातीची आणखी एक खोड लक्षात ठेवायला हवी. ओव्हनमधून काढलेला नमुना कड्यापासून सुटून आत खुळखुळतो, कारण तो आक्रसलेला असतो. काही जण त्या आक्रसलेल्या ढेकळाचे आकारमान मोजतात आणि घनता अवाच्या सवा वाढवून ठेवतात. आकारमान नमुना घेतला त्या वेळचे, म्हणजे कड्याचेच, धरायचे. शेतातही हेच घडत असते. चाकोरीतली हवा १० टक्क्यांवर यायला १०० घन सेंटिमीटरमागे आणखी ४.७ घन सेंटिमीटर पाणी जायला हवे, असा कागदी हिशेब निघतो. पण काळी माती सुकताना स्वतःच आकसते. एका टप्प्यात जेवढे पाणी जाते जवळपास तेवढेच ढेकळाचे आकारमानही घटते, आणि त्यामुळे ढेकळाच्या आत हवा शिरतच नाही. ती शिरते भेगांतून, आणि त्या लहानशा कड्यात भेग सापडेलच असे नाही. म्हणून अशा जमिनीत जुन्या नमुन्यावरून पुढच्या दिवसांची हवा मोजू नये. पाणी दिल्यानंतर तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी चाकोरीत आणि तिच्या बाहेर नवीन कडी ठोकावीत. कणघनता मात्र एकदा नीट काढली की त्या शेतासाठी वर्षानुवर्षे तीच वापरता येते.