‘अर्ज भरत होती’ आणि ‘अर्ज भरला होता’

संध्याकाळचे सात वाजले आहेत. ऑनलाइन अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत आहे आणि तेवढ्यात वीज जाते. दुसऱ्या दिवशी घरात याच प्रसंगाबद्दल दोन वाक्ये बोलली जाऊ शकतात. एक, “वीज गेली तेव्हा ताई अर्ज भरत होती.” दुसरे, “वीज गेली तेव्हा ताईने अर्ज भरला होता.” पहिले वाक्य ऐकून काळजात धस्स होते, दुसरे ऐकून हायसे वाटते. आता व्याकरणाच्या वहीत पाहा: दोन्ही वाक्ये भूतकाळातली आहेत. दिवस तोच, वेळ सातचीच. मग फरक पडला कुठे?

फरक काळात नाही, क्रियेच्या अवस्थेत आहे. काळ फक्त इतकेच सांगतो की आपण ज्या वेळेबद्दल बोलत आहोत ती बोलण्याच्या क्षणाच्या मागे आहे, पुढे आहे की तोच क्षण आहे. अवस्था वेगळी गोष्ट सांगते: त्या वेळी क्रिया अर्ध्यात होती की पार पडली होती. इंग्रजी व्याकरणात काळाला टेन्स आणि या दुसऱ्या गोष्टीला ॲस्पेक्ट म्हणतात. मराठीत तिच्यासाठी एकच रुळलेला शब्द नाही, म्हणून या लेखात तिला अवस्थाच म्हणू.

गोंधळाचे मूळ शाळेत आहे. आपण साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार प्रकार वर्तमान, भूत आणि भविष्य या तिन्हींना लावून बारा ‘काळ’ पाठ करतो. प्रत्यक्षात काळ तीनच आहेत. अपूर्ण, पूर्ण, रीती या अवस्था आहेत. दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली बांधल्या, की ‘पूर्ण’ म्हणजे ‘झाले-गेले’ आणि ‘झाले-गेले’ म्हणजे भूतकाळ, असे मनात बसते आणि मग ते निघता निघत नाही.

ही गाठ सोडवायला वर्गात मी क्रियापदाचे दोन तुकडे करून दाखवते. ‘भरत होती’ यात ‘भरत’ हा पहिला तुकडा आणि ‘होती’ हा दुसरा. आता दुसरा तुकडा बदला: भरत आहे, भरत होती, भरत असेल. काळ तीन झाले, पण अर्ज तिन्ही वेळा अर्धवटच आहे. पहिला तुकडा बदलून पुन्हा तेच करा: भरला आहे, भरला होता, भरला असेल. काळ पुन्हा तीन, आणि अर्ज तिन्ही वेळा पुरा झालेला. “उद्या या वेळेपर्यंत ताईने अर्ज भरला असेल” यातली गोष्ट अजून घडायची आहे, तरी अवस्था पूर्ण आहे. म्हणजे ‘असणे’चे रूप काळ सांगते आणि मुख्य क्रियापदाचा शेवट अवस्था सांगतो.

मराठीने याची एक खूणही वाक्यात ठेवली आहे, ती म्हणजे ‘ने’. ‘ताई अर्ज भरत होती’ हा भूतकाळ आहे, तरी ताईला ‘ने’ लागला नाही. ‘ताईने अर्ज भरला आहे’ हा वर्तमान आहे, तरी ‘ने’ लागला. आणि ‘ताईने अर्ज भरला असेल’ या भविष्यातही तो आहेच. म्हणजे हा ‘ने’ काळ पाहत नाही, क्रिया पुरी झाली का ते पाहतो. त्याच्याबरोबर आणखी एक बदल होतो. अपूर्ण अवस्थेत क्रियापद ताईच्या मागे जाते: ताई अर्ज भरत होती, दादा अर्ज भरत होता. पूर्ण अवस्थेत ते ताईला सोडून कर्माच्या मागे जाते: ताईने अर्ज भरला, माहिती भरली, नाव भरले.

या खुणेला मर्यादा आहेत. ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही. येणे, जाणे यांसारख्या अकर्मक क्रियापदांनाही तो लागत नाही. ‘ताई छत्री विसरली’, ‘ताई पोहायला शिकली’ हे अपवाद आहेत. ‘ताईने अर्ज भरावा’ यात ‘ने’ आहे, पण क्रिया झालेली नाही. तरीही भरणे, लिहिणे, वाचणे यांसारख्या रोजच्या सकर्मक क्रियापदांवर ही कसोटी लावून पाहिली, तर काळ आणि अवस्था वेगळ्या आहेत हे डोळ्यांना दिसते.

आता खरी अवघड जागा. ‘भरला’, ‘आली’, ‘गेले’ ही रूपे एकटी आली की आपण त्यांना साधा भूतकाळ म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण थांब्यावर उभे असताना वळणावर बस दिसली की आपण ओरडतो, “चल, बस आली!” बस अजून थांब्यापर्यंत पोचलेली नसते. “उद्या पाऊस आला तर सामना होणार नाही” यात तर सरळ उद्याचीच गोष्ट आहे. या रूपाचा पाया भूतकाळ नसून पूर्ण अवस्था आहे, हे त्याच्या जन्मातच आहे. संस्कृतातल्या ‘गत’, ‘कृत’ अशा ‘झालेले’ सांगणाऱ्या विशेषणांपासून प्राकृताच्या वाटेने ‘गेला’, ‘केला’ तयार झाले. विशेषण जसे नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते, तसे हे रूप आजही कर्माप्रमाणे बदलते ते त्यामुळेच.

काळ आणि अवस्था एकच मानले की दुसरी भाषा शिकताना पाय घसरतो. घरी मामा आले आणि अजून घरात आहेत, तर आपण म्हणतो, “मामा कालच आलेत.” मामा येऊन परत गेले असतील, तर म्हणतो, “मामा काल आले होते.” या ‘होते’ने मराठीत एक नाजूक काम केले: येण्याचा परिणाम आता उरलेला नाही, हे सांगितले. विद्यार्थी पहिल्या वाक्याचे ‘हॅज कम यस्टरडे’ आणि दुसऱ्याचे ‘हॅड कम यस्टरडे’ करतो. इंग्रजीत ‘हॅज’ हा वर्तमान आहे आणि त्याला ‘काल’ चालत नाही. ‘हॅड’ला भूतकाळातला आणखी एक क्षण लागतो, जसा आपल्या वाक्यात वीज जाण्याचा क्षण होता. तो नसेल, तर दोन्ही ठिकाणी साधे ‘केम’ पुरते. मामा गेले की आहेत, हे इंग्रजीत वेगळे सांगावे लागते.

उलट्या बाजूने मराठी शिकणारेही असेच अडखळतात. माझी एक विद्यार्थिनी बाकावर बसलेल्या आजोबांकडे पाहून म्हणाली, “आजोबा बाकावर बसत आहेत.” तिच्या डोक्यात इंग्रजीतले ‘इज सिटिंग’ होते. पण मराठीत ‘बसत आहेत’ म्हणजे गुडघे वाकवून, हात टेकत ते आत्ता खाली होत आहेत. एकदा टेकले की ‘बसले आहेत’. आपल्या भाषेने बसण्याची क्रिया टेकण्यापाशी पुरी मानली आणि पुढची स्थिती पूर्ण अवस्थेने सांगितली. झोपणे, उभे राहणे, साडी नेसणे यांचेही असेच आहे. मी तिला उठून पुन्हा बसायला सांगितले आणि अर्ध्यात थांबवून विचारले, “आत्ता काय करते आहेस?” तशीच अधांतरी राहून ती म्हणाली, “बसते आहे.” मग टेकली आणि न विचारता म्हणाली, “आता बसले आहे.” दोन्ही वेळा ‘आहे’ तोच होता, म्हणजे काळ बदलला नव्हता. बदलली होती ती फक्त अवस्था.