चित्राची हमाली आणि तापलेला फोन

फोनवर एखादा मोठा गेम सुरू केला की पहिली दहा-पंधरा मिनिटं चित्र अगदी सलग हलतं. मग फोनची पाठ कोमट होते, पुढे गरम होते, पडद्याचा उजेड आपोआप मंदावतो आणि ऐन लढाईत चित्र अडखळायला लागतं. बहुतेकांना वाटतं, चिप कमी ताकदीची आहे. पण पहिल्या पंधरा मिनिटांत तीच चिप सगळं काम व्यवस्थित करत होती. बदललं ते फक्त तापमान, आणि ते वाढवण्यात हिशेबाइतकाच चित्राच्या ने-आणीचाही हात असतो.

फोनच्या चिपमधला जीपीयू, म्हणजे चित्र काढणारा भाग, ॲड्रेनो असो, माली असो वा ॲपलचा, सहसा अख्खा पडदा एकदम रंगवत नाही. तो पडद्याचे छोटे चौकोन पाडतो, त्यांना टाइल म्हणतात. मालीच्या बऱ्याच जीपीयूंमध्ये एक टाइल १६ बाय १६ पिक्सेलची असते. आधी दृश्यातला कुठला त्रिकोण कुठल्या टाइलमध्ये पडतो याची यादी होते. मग एकेक टाइल चिपच्या आतल्याच चिमुकल्या मेमरीत पूर्ण रंगवली जाते. कोणती वस्तू पुढे, कोणती मागे, हे ठरवायला लागणारी खोलीची माहितीही तिथेच राहते. टाइल पूर्ण झाली की तयार रंग तेवढे बाहेरच्या मोठ्या रॅममध्ये जातात.

हा खटाटोप विजेसाठी आहे. बाहेरच्या रॅमशी दर सेकंदाला एक जीबी माहितीची देवाणघेवाण करायला ढोबळमानाने ८० ते १०० मिलिवॅट लागतात. पंखा नसलेला फोन दीर्घकाळ जेमतेम तीनेक वॅटची उष्णता बाहेर टाकू शकतो. त्यामुळे आतल्या मेमरीत उरकलेलं काम स्वस्त आणि बाहेरची प्रत्येक फेरी महाग.

आता गेम लिहिणाऱ्याची एक नेहमीची चूक पाहू. पडदा २४०० बाय १०८० पिक्सेलचा आहे. दर पिक्सेलला रंगासाठी चार बाइट आणि खोलीसाठी चार बाइट धरले, तर दोन्ही मिळून एका फ्रेमचे सुमारे २०.७ एमबी होतात. गेम निम्मं दृश्य काढतो, मध्येच थांबून कोपऱ्यातला छोटा नकाशा वेगळ्या चित्रात रंगवतो आणि पुन्हा मूळ दृश्याकडे येतो. डेस्कटॉपच्या जीपीयूवर हे फारसं जाणवत नाही. टाइलवाल्या जीपीयूला मात्र नकाशाकडे वळण्याआधी अर्धवट रंगवलेल्या सगळ्या टाइल बाहेर ठेवाव्या लागतात आणि परतल्यावर पुन्हा आत आणाव्या लागतात. जाऊन-येऊन ४१ एमबीहून जास्त. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सुमारे अडीच जीबी. पाव वॅटच्या आसपास वीज गेली, आणि पडद्यावर एक पिक्सेलही वाढला नाही! चिप ही माहिती दाबून लहान करत असेल तर आकडा उतरतो, पण फेरी टळत नाही.

उपाय अगदी साधा आहे: नकाशा आधी काढायचा आणि मग मुख्य दृश्य एका दमात पूर्ण करायचं. शिवाय फ्रेम संपल्यावर खोलीची माहिती सहसा कुणालाच नको असते. व्हल्कनमध्ये तिच्या `storeOp` साठी `VK_ATTACHMENT_STORE_OP_DONT_CARE` लिहिलं की ती बाहेर जातच नाही. एवढी एक ओळ न लिहिल्याने कितीतरी फोन विनाकारण तापत असतील, याची मला खरोखर हळहळ वाटते.

प्रत्येक फेरी मात्र टाळता येत नाही. दिव्याभोवतीचं धूसर तेज काढायचं तर शेजारच्या, अगदी दूरच्याही पिक्सेलचे रंग लागतात, आणि ते एका टाइलमध्ये मावत नाहीत. तयार चित्र बाहेर ठेवून पुन्हा वाचावंच लागतं. म्हणून असे परिणाम कमी रिझोल्यूशनवर करतात.

सुरुवातीला ही जादा उष्णता फोनची धातूची चौकट, काच आणि बॅटरी शोषून घेतात, म्हणून काही बिघडत नाही. त्यांचं तापमान वाढत जाऊन ठरलेल्या मर्यादेला पोचलं की फोन जीपीयूचा वेग उतरवतो. समजा, पूर्ण वेगात एका फ्रेमला १३ मिलिसेकंद लागत होते. वेग ७० टक्क्यांवर आला की तेच काम साडेअठरा मिलिसेकंदांवर जातं. ६० फ्रेमसाठी हाती असतात १६.७. पडद्याच्या ठोक्याशी बांधलेला गेम मग प्रत्येक दुसरा ठोका चुकवतो आणि ६० वरून थेट ३० वर येतो.

दोष तापण्याचाच आहे का, हे तपासता येतं. अँड्रॉइड फोन संगणकाला जोडून ही आज्ञा द्यावी:

```
adb shell dumpsys thermalservice
```

उत्तरात `Thermal Status` शून्य असेल तर फोन निवांत आहे; २ किंवा ३ दिसलं आणि त्याच वेळी फ्रेम घसरल्या, तर कारण उष्णताच. चार्जिंगची उष्णता यात मिसळू नये म्हणून बॅटरी आधीच भरून ठेवावी. खेळणाऱ्याने गेममधलं रिझोल्यूशन लांबी-रुंदीत ७० टक्क्यांवर आणलं तर पिक्सेल जवळपास निम्मे होतात, आणि त्यांची ने-आणही. सेकंदाला ४० फ्रेमची मर्यादा घालायची सोय असेल आणि पडदा १२० हर्ट्झचा असेल, तर तीही घालून पाहावी.