यंत्राने काढलेले इंद्रधनुष्य तपासताना

शब्दांत वर्णन दिले की चित्र काढून देणारे संगणक कार्यक्रम आता तुमच्या परिचयाचे झाले आहेत. समजा, विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यासाठी आपल्याला दुहेरी इंद्रधनुष्याचे चित्र हवे आहे. चित्र सुंदर निघेल, पण ते बरोबर असेल का? तक्त्यावरचे चुकीचे चित्र शेकडो मुले पाहतील आणि तीच चूक मनात घेऊन घरी जातील. म्हणून ते तपासायलाच हवे.

त्यासाठी खऱ्या दुहेरी इंद्रधनुष्याचे एक छायाचित्र संदर्भ म्हणून शेजारी ठेवा. नुसते पाहून ‘जमले’ किंवा ‘जमले नाही’ असे म्हणून भागत नाही, कारण चित्र आवडले की डोळे चुका माफ करतात. त्याऐवजी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल अशा पाच प्रश्नांची यादी करू.

१. मुख्य धनुष्यात तांबडा रंग बाहेर व जांभळा आत आहे का?
२. दुसरे, फिकट धनुष्य पहिल्याच्या बाहेर असून त्यात तांबडा रंग आतल्या बाजूला आहे का?
३. दोन्ही धनुष्यांमधला पट्टा मुख्य धनुष्याच्या आतील आकाशापेक्षा काळसर आहे का?
४. सूर्य चित्राबाहेर आहे का?
५. सावल्या आपल्यापासून दूर, कमानीच्या मध्याकडे पडल्या आहेत का?

हे प्रश्न भौतिकीतून आले आहेत. सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असतो. त्याच्या डोक्याची सावली ज्या दिशेला पडते, त्या दिशेभोवती सुमारे ४२ अंशांवर मुख्य धनुष्य दिसते. दुसऱ्यात प्रकाश थेंबाच्या आत दोनदा परावर्तित होतो. म्हणून ते सुमारे ५१ अंशांवर आणि उलट्या रंगक्रमाने दिसते.

आता यंत्राला हे वर्णन देऊ: ‘पावसानंतरचे माळरान, एक झाड, आकाशात दुहेरी इंद्रधनुष्य, संध्याकाळचे ऊन, सूर्य दिसू नये.’ एकच चित्र काढून थांबू नका. अशा अनेक यंत्रांत प्रत्येक चित्राची सुरुवात यादृच्छिक ठिपक्यांच्या गोंधळापासून होते, त्यामुळे एखादे चित्र नशिबानेही जमते. चार चित्रे काढा आणि प्रत्येकाच्या सुरुवातीचा बीजांक टिपून ठेवा.

समजा, चार चित्रांत ‘होय’ची संख्या अशी आली: पहिल्या प्रश्नाला चार, दुसऱ्याला शून्य, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य, पाचव्याला शून्य. मग कोणते शब्द बदलायचे?

चौथी आणि पाचवी चूक एकाच मुळाची आहे. सूर्य समोर आला म्हणून सावल्याही आपल्याकडे आल्या. दोष आहे ‘सूर्य दिसू नये’ या शब्दांत. अशा अनेक यंत्रांना नकार नीट कळत नाही. ‘सूर्य’ हा शब्द आला की पुष्कळदा सूर्यच येतो. तेव्हा काय नको ते सांगण्याऐवजी काय हवे ते सांगू: ‘प्रकाश पाहणाऱ्याच्या पाठीमागून, झाडाची लांब सावली समोर दूर गेलेली.’ बाकी वर्णन तसेच ठेवा, बीजांकही तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू आहे. दोन बदल एकदम केले, तर कोणत्या बदलाने काम झाले ते कळणार नाही.

पुन्हा चार चित्रे काढा आणि पाचही प्रश्न नव्याने विचारा. केवळ चौथा आणि पाचवा पाहून थांबू नका. शब्द बदलला की आधी बरोबर असलेली गोष्टही बिघडू शकते. समजा, आता चौथ्याला चार आणि पाचव्याला तीन ‘होय’ आले आणि पहिला प्रश्न चारवरच राहिला. मग हा बदल ठेवावा. मात्र दोनाचे तीन झाले, एवढ्यावरून सुधारणा झाली असे समजू नका. चार चित्रांत एवढा फरक योगायोगानेही पडतो.

आता दुसरा प्रश्न. ‘दुहेरी इंद्रधनुष्य’ऐवजी ‘बाहेर दुसरे फिकट धनुष्य, त्यात तांबडा रंग आत’ असे लिहून पाहा. तीन वेगवेगळ्या शब्दरचना करूनही उत्तर शून्यच आले, तर तिथे थांबा. कोणता रंगक्रम कोणत्या धनुष्याचा, ही जोडणी अशा यंत्रांना अवघड जाते. तेव्हा शब्द घासत बसण्यापेक्षा खरे छायाचित्रच यंत्राला आधार म्हणून द्यावे, नाहीतर बाहेरचे धनुष्य हाताने रंगवावे. तिसरा प्रश्नही त्याच वेळी मिटेल: मधला पट्टा ब्रशाने थोडा गडद केला की झाले.

तक्ता भिंतीवर लावताना शेजारी ही पाच प्रश्नांची यादीही लावा. पाहणाऱ्यांनाही चित्र तपासता येईल. आणि पुढच्या पावसात खरे इंद्रधनुष्यही.