पाचव्या मेलनंतर फोन

भोसरीत माझ्या एका मित्राचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मागे एका कंपनीनं त्याच्या ४०० पिना परत पाठवल्या, व्यास जास्त भरतो म्हणून. त्यानं मेल केला, ‘आमच्याकडे माप बरोबर आहे.’ उत्तर आलं, ‘आमच्याकडे नाही.’ चौथ्या मेलला पर्चेस मॅनेजर सीसीत आले. पाचव्यात वाक्य होतं, ‘माझा आधीचा मेल कृपया नीट वाचावा.’

फोनची वेळ खरं तर चौथ्या मेललाच झाली होती. तोच मुद्दा दोनदा जसाच्या तसा परत आला, की समोरच्याचा प्रश्न आपल्याला कळलेला नाही असं धरावं. आणि सीसीत साहेब आले, की मेल समोरच्यासाठी नव्हे, साहेबांसाठी लिहिला जातो. मग माघार कोण घेणार?

लिहिताना आपला सूर आपल्याच कानात वाजत असतो, वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही. २००५ साली क्रुगर आणि एप्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह हे तपासलं. आपला उपरोध मेलवरही ओळखला जाईल अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. वाचणाऱ्यांचा अंदाज मात्र नाणं उडवण्यापेक्षा फारसा बरा नव्हता. आवाजातून तो बराच नीट ओळखता आला.

पण तडक फोन लावू नये. समोरचा बेसावध सापडतो आणि बचावाला लागतो. ‘मेलवर तुम्हाला कळत नाहीये, बोलूच’ असं तर मुळीच लिहू नये. मित्रानं त्याच मेलवर, पण सीसीतली नावं कमी न करता, लिहिलं: ‘साहेब, बहुतेक मलाच नीट मांडता आलं नाही. पिनांच्या मापाबद्दल पंधरा मिनिटं बोलू या का? उद्या ११ किंवा ४, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा. ठरेल ते मी इथंच लिहून पाठवतो.’ विषय एकच, वेळ ठरलेली, आणि चूक आधी स्वतःकडे घेतलेली. शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं, कारण फोनवर बोललेलं उद्या नाकारलं जाईल ही भीती दोन्हीकडे असते.

पैसे नाकारलेत, नोटिशीची भाषा सुरू झालीय किंवा कोणी धमकावतंय, तर मात्र लेखीच राहावं.

फोनवर मित्रानं पहिला प्रश्न विचारला, ‘तुम्ही माप प्लेटिंगच्या आधी घेता की नंतर?’ ते नंतर घेत होते, हा आधी. झिंकचा थर ८ मायक्रॉनचा, दोन्ही बाजू धरून व्यास १६ मायक्रॉननं वाढला होता. दोघांचीही मापं बरोबर होती. त्याच संध्याकाळी मित्रानं चार ओळींचा मेल टाकला: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. पुढच्या ड्रॉइंगवर ‘माप प्लेटिंगनंतरचे’ ही ओळ वाढली.